कार्यवाही : सर्व संबंधित

सभेचे इतिवृत्त लिहिणारा लेखनिक पूर्वी कोपऱ्यात बसून ऐके आणि जे महत्त्वाचे वाटेल तेवढेच टिपून घेई. त्याने जे गाळले ते कायमचे गेले. पण जे लिहिले ते निदान एका माणसाच्या समजुतीतून गाळून आलेले असे. आता बहुतेक मोठ्या सभांचे ध्वनिमुद्रण होते आणि यंत्र त्याचे शब्दांकन करून देते. प्रत्येक वाक्याच्या डाव्या बाजूला वेळ असते, वेळेपुढे बोलणाऱ्याची खूण असते आणि त्यापुढे त्याचे बोलणे. दीड तासाच्या सभेचे असे शब्दांकन सहज दहा हजार शब्दांच्या घरात जाते. त्यात सारे काही असते. खोकले, हुंकार, चहाची चौकशी आणि तिच्याच शेजारी एखाद्या गावाच्या जिवावरची गोष्ट. या ढिगातून कोणी, काय, केव्हापर्यंत करावयाचे एवढेच निवडून काढणे हे आजच्या लेखनिकाचे काम आहे.

ते चुकले म्हणजे काय होते हे सरकारी इतिवृत्ताच्या उजव्या रकान्यात वाचावयास मिळते. त्या रकान्याचे नाव 'कार्यवाही', आणि त्यात पुष्कळदा दोनच शब्द असतात : 'सर्व संबंधित'. पुढील सभेत अनुपालनाचा विषय निघाला की प्रत्येक संबंधित दुसऱ्या संबंधिताकडे पाहतो. हे दोन शब्द लिहिणारा लेखनिक आळशी असतोच असे नाही. सभेत कर्ताच उच्चारला गेलेला नसतो, आणि तो शोधावा कोठे हे त्याला ठाऊक नसते.

मराठी भाषा याबाबतीत लेखनिकाला फारशी मदत करीत नाही. 'तपासून घ्यायला पाहिजेत', 'होऊन जाईल', 'बघू', 'करून टाकू या' अशा वाक्यांत काम असते, पण करणारा नसतो. 'आपण' म्हणजे बोलणारा, ऐकणारा, की सारे कार्यालय, हे त्या शब्दावरून कळत नाही. 'बघतो' आणि 'बघू' यांत मात्र जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात एक माणूस स्वतःला बांधून घेतो. दुसऱ्यात कोणीच बांधला जात नाही, आणि कित्येकदा तो सभ्य नकारच असतो. शब्दांकन वाचताना म्हणून नामांकडे नव्हे, क्रियापदांकडे पाहावे. 'कळवतो', 'काढतो', 'पाठवतो' असे प्रथमपुरुषी एकवचन दिसले की तेथे खूण करावी. 'कळवा', 'पाठवा' असे आज्ञार्थ दिसले की तेथेही करावी, परंतु ती अर्धीच समजावी. कारण आज्ञा कोणाला होती आणि ती त्याने घेतली का, हे पुढील ओळींत शोधावयाचे असते. 'पाहिजे' आणि 'हवे' यांवर केवळ प्रश्नचिन्ह करावे.

एक नमुना घेऊन हे पाहणे बरे. पावसाळ्यापूर्वी जिल्ह्याजिल्ह्यांत पूर्वतयारीची बैठक होते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते, आणि ही बैठकही बहुधा तेच घेतात. अशी एक सभा गुरुवारी, १४ मे रोजी झाली असे धरू. काही अधिकारी सभागृहात आहेत. तहसीलदार आणि पाटबंधारे खात्याचे उपअभियंता आपापल्या कार्यालयांतून दूरदृश्य प्रणालीवर आहेत. पुढील ओळी या भाषणासाठी रचलेल्या असल्या, तरी अशा शब्दांकनात पदोपदी आढळणाऱ्या अडचणी त्यांत आहेत.

००:३३:०४ सभागृह : बंधाऱ्याचं काय? नदीला पाणी यायच्या आत मोकळा झाला पाहिजे.
००:३३:११ पाटबंधारे : साहेबांना सांगतो सर. शनिवारपासून सगळे वर्ग काढायला घेतील.
००:३३:१८ सभागृह : घ्या.

००:४१:१२ सभागृह : बोटींचं काय? मागच्या वर्षी दोन इंजिनं ऐनवेळी सुरू झाली नव्हती. तपासून घ्यायला पाहिजेत.
००:४१:२३ तहसील : हो सर.
००:४१:२५ सभागृह : चार आहेत ना?
००:४१:२९ तहसील : तीन आपल्याकडं. एक नगरपरिषदेकडं दिलेली आहे.
००:४१:३६ सभागृह : मग तीपण बघा. परवापर्यंत कळवा.
००:४१:४१ सभागृह : ती आम्ही बघतो सर, मेकॅनिक आमच्याकडं आहे.
००:४१:४८ सभागृह : ठीक.

००:५२:३० तहसील : पर्जन्यमापकाशेजारी झाड वाढलंय सर, नोंद कमी येते. फांद्या छाटायला पाहिजेत.
००:५२:३८ सभागृह : कोण बघणार ते?
००:५२:४७ सभागृह : बरं, ठीक आहे. पुढे.

०१:१८:०५ तहसील : सर, दोन इंजिनं दुरुस्तीला दिलीत, परवा नाही जमणार. आठवडा द्या. आली की बंधाऱ्याच्या फुगवट्यात चालवून बघतो.
०१:१८:१७ सभागृह : बरं, सोमवारपर्यंत. पण पाण्यातच चालवा, जमिनीवर नको.

०१:३४:५० सभागृह : पुढची बैठक शुक्रवारी, बावीसला. अनुपालन घेऊन या.

हातात लेखणी घेऊन पहिल्या ओळीपासून यादी करू लागणे ही येथे पहिली चूक ठरेल. एक्केचाळिसाव्या मिनिटाला 'परवापर्यंत' असे लिहून घेणारा माणूस अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला पोहोचेपर्यंत दमलेला असतो, आणि सदतीस मिनिटांपूर्वीची मुदत येथे बदलली हे त्याच्या ध्यानात येत नाही. सभेतील माणसे विषयाला धरून बोलत नाहीत. ज्याला जेव्हा आठवते तेव्हा तो बोलतो. म्हणून आधी सारे शब्दांकन खूण न करता एकदा वाचावे. मग एकेक काम उचलून त्याचा माग शेवटपर्यंत काढावा : बोटी, इंजिने, नगरपरिषद, बंधारा हे शब्द पुढे जेथे जेथे येतात तेथे तेथे थांबावे. नंतर बोललेले आधी बोललेल्याला रद्द करते, हाच येथील सामान्य नियम आहे.

दुसरे काम बोलणाऱ्याची खूण तपासण्याचे. यंत्राने दिलेले नाव हे माणसाचे असतेच असे नाही. ते पुष्कळदा ध्वनिग्राहकाचे किंवा जोडणीचे असते. सभागृहात एकच ध्वनिग्राहक असला तर तेथील दहाही माणसे 'सभागृह' या एका नावाखाली उतरतात. वरच्या नमुन्यात ००:४१:३६ ला 'तीपण बघा' म्हणणारे आणि पाचच सेकंदांनी 'ती आम्ही बघतो सर' म्हणणारे, दोघेही कागदावर 'सभागृह'च आहेत. पण अध्यक्ष स्वतःलाच 'सर' म्हणणार नाहीत, आणि मेकॅनिक 'आमच्याकडं' आहे असे म्हणणारा नगरपरिषदेचाच असला पाहिजे. उपस्थितीच्या कागदावर नगरपरिषदेतर्फे मुख्याधिकाऱ्यांची सही असेल तर ती व्यक्ती कोण हे बहुतेक ठरते; तरीही त्या ठिकाणचे ध्वनिमुद्रण उघडून आवाज ऐकावा. डाव्या बाजूच्या वेळेचा पहिला उपयोग हाच आहे. ती नसती तर हे सात शब्द ऐकण्यासाठी सारी सभा पुन्हा ऐकावी लागली असती. येथे एक सावधगिरी हवी : ही वेळ घड्याळाची नसून मुद्रण सुरू झाल्यापासूनची असते. मध्ये वीज गेली आणि मुद्रण नव्याने सुरू झाले, तर वेळ पुन्हा शून्यापासून चालू होते. तेव्हा भाग पहिला की दुसरा हेही वेळेबरोबर लिहावे.

आता ००:४१:२३ चा 'हो सर' पाहा. तहसीलदारांनी बोटी तपासण्याचे काम घेतले असा त्याचा अर्थ लावण्याचा मोह होतो. पण मराठी माणूस ऐकतो आहे हे दाखविण्यासाठीही 'हो' म्हणतो. वरिष्ठांसमोर तर तो श्वासासारखाच असतो. आधीचे वाक्य 'तपासून घ्यायला पाहिजेत' असे कर्त्यावाचूनचे आहे. एवढ्या पुराव्यावर कोणाच्या नावे काम चढविणे योग्य नव्हे. काम खऱ्या अर्थाने घेतले जाते ते ०१:१८:०५ ला, 'चालवून बघतो' या शब्दांत. यादीत पुरावा म्हणून ही वेळ आली पाहिजे. पुढे कोणी 'मी असे म्हटलेच नव्हते' असे म्हटले तर 'हो सर' दाखवून वाद मिटत नाही. 'बघतो' दाखवून मिटतो.

मुदतीचा धागा जास्त गुंतागुंतीचा आहे. हिंदी प्रदेशातील मराठी मंडळींना 'कल' या शब्दाची गंमत ठाऊक आहेच. मराठीने काल आणि उद्या वेगळे ठेवले, पण परवाच्या बाबतीत हात आखडता घेतला. गेलेला आणि येणारा असे दोन्ही परवा एकच. 'कळवा' या क्रियापदामुळे येथे तो पुढचा आहे हे समजते, आणि सभा गुरुवारची असल्यामुळे तो शनिवार, १६ मे हेही ठरते. यादीत 'परवा', 'येत्या', 'पुढच्या' हे शब्द कधीही राहू देऊ नयेत. वार आणि तारीख दोन्ही लिहाव्यात, म्हणजे एकात चूक झाली तर दुसऱ्यावरून ती पकडता येते. ०१:१८:१७ ला मुदत 'सोमवारपर्यंत' झाली. कोणता सोमवार? तहसीलदारांनी आठवडा मागितला होता. १८ तारीख आठवड्याच्या आत पडते, २५ तारीख पलीकडे. एकट्या या वाक्यावरून निर्णय होत नाही. पण सोळा मिनिटांनंतर अध्यक्ष सांगतात की पुढील बैठक २२ तारखेला आहे आणि अनुपालन तेव्हा हवे. २५ तारखेच्या कामाचे अनुपालन २२ ला मागता येत नाही. म्हणून १८ मे. हा तर्क आहे, उच्चारलेला शब्द नव्हे. यादी फिरविताना तहसीलदारांना तेवढे विचारून घ्यावे.

आणखी एक गाठ उरतेच. ही मुदतवाढ नगरपरिषदेच्या बोटीलाही मिळाली का? ती मागताना तहसीलदार दुरुस्तीला दिलेल्या आपल्या दोन इंजिनांबद्दल बोलत होते. मुख्याधिकारी काहीच बोलले नाहीत. लेखनिकाने येथे उदार होऊन दोन्हींना सोमवार लिहू नये, आणि चार बोटींचे एकच काम करून 'तहसीलदार व मुख्याधिकारी' अशी जोडीही लावू नये. ज्या कामाला दोन धनी असतात ते बहुधा दोघांच्या मध्ये पडून राहते. कामाचीच दोन कामे करावीत.

'पाण्यातच चालवा, जमिनीवर नको' हे शब्द गाळण्यासारखे वाटतात, पण ते गाळू नयेत. बोटीच्या बाहेर टांगलेले इंजिन ज्या पाण्यात चालते तेच पाणी ओढून थंड होते. कोरडे चालविले तर त्याच्या पंपातील रबरी चक्र थोड्याच वेळात खराब होते. म्हणजे जमिनीवरची चाचणी ही चाचणी तर नव्हेच, उलट इंजिन बिघडविण्याचा उपाय आहे. काम कसे करावयाचे याविषयीची अट कामाबरोबर गेली पाहिजे. याउलट, मागच्या वर्षी दोन इंजिने सुरू झाली नव्हती ही माहिती आहे; ती इतिवृत्तात जाईल, कामांच्या यादीत तिला जागा नाही.

तेहतिसाव्या मिनिटाला यंत्राने 'सगळे वर्ग काढायला घेतील' असे लिहिले आहे. शाळांची सभा असती तर ते खपले असते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याशी परिचय असलेल्याला मात्र लगेच कळते की बोलणाराने 'बरगे' म्हटले आहे. दगडी खांबांच्या खाचांत एकावर एक बसविलेल्या फळ्यांना बरगे म्हणतात. पावसाळा संपताना ते बसवून पाणी अडवितात आणि पुढील पुरापूर्वी काढून नदी मोकळी करतात. नेमके असे धंद्याचे शब्दच यंत्र हमखास चुकते, कारण ते रोजच्या बोलण्यात येत नाहीत. वाक्य निरर्थक वाटले की ते गाळण्यापूर्वी त्या खात्याच्या माणसाला विचारावे. पुष्कळदा सभेतील सर्वांत मोठे काम अशाच वेड्यावाकड्या शब्दाखाली दडलेले असते.

हे काम कोणाचे? उपअभियंता म्हणतात, 'साहेबांना सांगतो, काढायला घेतील.' घेणारे कार्यकारी अभियंता सभेत नाहीत. जो हजर नव्हता त्याच्या नावे काम लिहिले तर त्याला ते कळण्याची खात्री नसते. हजर माणसाने एका गोष्टीचे वचन नक्की दिले आहे, सांगण्याचे. तेव्हा साहेबांचा होकार येईपर्यंत धनी उपअभियंताच, आणि यादीत तसे स्पष्ट लिहावे.

पर्जन्यमापकाच्या ओळींत एक निराळाच प्रकार आहे. अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हे साधन असावे असा संकेत आहे. झाड वाढून जवळ आले तर वाऱ्याबरोबर तिरपा येणारा पाऊस अडतो, आणि कागदावर पाऊस कमी दिसतो. तक्रार खरी आहे. अध्यक्ष विचारतात, 'कोण बघणार ते?' पुढची ओळ 'बरं, ठीक आहे.' मध्ये कोणाचेच उत्तर नाही. पण डावीकडील वेळ पाहा : ००:५२:३८ ते ००:५२:४७. तीन शब्दांच्या प्रश्नाला दोन सेकंद पुरतात. मग सात सेकंद सभागृहात काहीतरी घडले आणि अध्यक्षांचे समाधान झाले. बहुधा कोणी हात वर केला किंवा मान हलविली. ध्वनिमुद्रणात मान उमटत नाही. असे मौन पुन्हा ऐकून उपयोग नाही. त्या वेळी सभागृहात असलेल्या माणसाला विचारले पाहिजे. तोवर हे काम धनी न ठरलेल्या कामांत वेगळे लिहावे. ते गाळणे चूक, आणि ज्याने तक्रार केली त्याच्याच गळ्यात बांधणे हेही चूक. पुष्कळ कार्यालयांत ही दुसरी चूक रिवाज होऊन बसली आहे, आणि त्यामुळे माणसे तक्रारच करेनाशी होतात.

एवढे झाल्यावर यादी अगदी लहान होते :

१. बंधाऱ्याचे बरगे काढण्यास प्रारंभ. धनी : उपअभियंता (कार्यकारी अभियंत्यांचा होकार येईपर्यंत). शनिवार, १६ मे. ००:३३:११.
२. तहसीलकडील ३ बोटींची इंजिने पाण्यात चालवून पाहणे व कळविणे. धनी : तहसीलदार. सोमवार, १८ मे (तारीख पक्की करावी). ०१:१८:०५, ०१:१८:१७.
३. नगरपरिषदेकडील १ बोटीचे इंजिन पाण्यात चालवून पाहणे व कळविणे. धनी : मुख्याधिकारी. शनिवार, १६ मे (मुदतवाढ व पाण्यातील चाचणीची अट लागू आहे का?). ००:४१:३६, ००:४१:४१.
धनी ठरावयाचा : पर्जन्यमापकाजवळील फांद्या छाटणे. ००:५२:३८.

प्रत्येक ओळीत एक क्रिया, एक धनी, एक तारीख आणि मुद्रणातील जागा. जेथे शंका आहे तेथे ती झाकलेली नाही. सरकारी कचेरीत धनी पदनामाने लिहिणे बरे, कारण बदली झाली तरी काम त्या खुर्चीबरोबर राहते. एखाद्या मंडळाच्या किंवा सहकारी सोसायटीच्या सभेत मात्र माणसाचे नावच लिहावे.

अशा ओळी एकाखाली एक आल्या की सभेत कोणाच्याही लक्षात न आलेली गोष्ट कधी कधी दिसू लागते. येथे पहिली आणि दुसरी ओळ शेजारी ठेवून पाहावी. तहसीलदार सोमवारपर्यंत बंधाऱ्याच्या फुगवट्यात इंजिने चालविणार आहेत. आणि बरगे शनिवारी काढावयास घेतले की तो फुगवटा ओसरू लागणार. दोन्ही कामे सभेने मान्य केली, पाऊण तासाच्या अंतराने. दोन्ही एकदम होतील असे नाही. यादीत आपणच एक तारीख मागेपुढे करण्याचा अधिकार लेखनिकाला नाही. त्याने दोन्ही ओळींपुढे खूण करून तहसीलदार आणि उपअभियंता या दोघांना ती दाखवावी. इंजिने दुसऱ्या तलावावर नेता येतील, पाण्याने भरलेल्या मोठ्या पिंपात खालचा भाग बुडवून चालविता येतील, किंवा बरगे काढणे दोन दिवस थांबविता येईल. यांपैकी काय करावयाचे ते त्यांनी ठरवावे आणि अध्यक्षांना कळवावे.

यादी फिरविताना प्रत्येकाकडे सगळे दहा हजार शब्द पाठवू नयेत. त्याच्या ओळी, त्यांपुढील वेळ आणि त्याच्यापुरते प्रश्न एवढेच पाठवावे, आणि उत्तर लेखी घ्यावे. तहसीलदारांना प्रश्न दोन : सोमवार म्हणजे १८ च ना, आणि तोवर फुगवट्यात पाणी राहणार नसेल तर चाचणी कोठे? मुख्याधिकाऱ्यांनाही दोन : तुमच्या बोटीची मुदत शनिवारचीच समजावी का, आणि तीही पाण्यातच चालविणार ना? उपअभियंत्यांना : साहेबांचा होकार मिळाला का? हे सारे शुक्रवारी दुपारच्या आत व्हावयास हवे, कारण शनिवारी सकाळी बरगे काढणारी माणसे बंधाऱ्यावर पोहोचलेली असतील.